आमची वाटचाल : भागीदारी फर्म ते एलएलपी

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमची तूरडाळीची मिल आहे. तिघे भागीदार आणि 1932 च्या भागीदारी कायद्याखालची साधी फर्म. आम्ही ती एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली ती एकाच कारणासाठी, घरची शेती वाचावी म्हणून.

हिशेब असा. मिल बुडाली, तूर देणाऱ्यांचे 50 लाख थकले आणि मशिनरी, माल विकून 32 लाख आले असं धरा. उरलेले 18 लाख फर्मच्या कुठल्याही एका भागीदाराकडून पूर्ण वसूल करता येतात. सहा-सहा लाखांची वाटणी तुमच्या आपसातली, धनकोला तिच्याशी घेणंदेणं नाही. ज्याचा सातबारा भक्कम, तोच आधी सापडतो.

एलएलपीत देणं संस्थेचं असतं. प्रत्येकानं भांडवल म्हणून कबूल केलेले 10 लाख भरले असतील, तर त्या 18 लाखांसाठी कोणाच्या वावरावर येता येत नाही. एकानं सहाच भरले असतील, तर बाकीचे चार मात्र त्याला द्यावे लागतात. कंपनीतही संरक्षण असंच मिळतं, पण तिथं उलाढाल काहीही असो, ऑडिट सक्तीचं. शिवाय संचालकांच्या बैठका आणि वार्षिक सभा. एलएलपीला कायद्यानं ऑडिट लागतं ते उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेलं की.

आता जिथं बहुतेक जण फसतात ते. फर्मचं एलएलपीत रूपांतर झालं तरी त्याआधीच्या देण्यांना भागीदार जातीनं बांधील राहतातच. नोंदणीनंतर जास्तीत जास्त 14 दिवसांत सुरुवात करून पुढचे 12 महिने प्रत्येक अधिकृत पत्रावर जुन्या फर्मचं नाव आणि रूपांतराचा उल्लेख छापावा लागतो. बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल, तर तेवढ्यापुरती एलएलपीची ढाल संपली. म्हणून हमीपत्रावरची रक्कम वाचूनच सही करावी. फसवणुकीच्या हेतूनं धंदा केला, तर त्यात सामील भागीदारावर अमर्याद जबाबदारी येते.

कागदपत्रांचा भार कमी आहे, पण तारखा कडक. करारासाठी फॉर्म 3 नोंदणीपासून 30 दिवसांत, वार्षिक विवरण फॉर्म 11 दरवर्षी 30 मेपर्यंत, हिशेबाचा फॉर्म 8 हा 30 ऑक्टोबरपर्यंत. वर्षभर मिल बंद असली तरी दोन्ही वार्षिक फॉर्म भरावेच लागतात, आणि उशिराची फी दिवस वाढतील तशी वाढते. मे महिन्यात हमखास अडतं ते डिजिटल सही संपल्यामुळे. तिची मुदत एप्रिलमध्येच पाहून ठेवावी.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे भागीदार तोंडी बाहेर पडणं. भागीदार बदलल्याचा फॉर्म 4 निबंधकाकडे गेला नसेल आणि समोरच्या व्यापाऱ्याला कळवलंही नसेल, तर त्याच्या दृष्टीनं तो माणूस अजून भागीदारच असतो.