रमजानमध्ये दुबईला पाठवायचे मेल : माझा अनुभव

नाशिकच्या द्राक्षांचा निर्यातीचा हंगाम आणि रमजान सध्या एकमेकांत येतात. निर्यातीची कागदपत्रं मी बघते, त्यामुळे 2025चा मार्च माझ्यासाठी मेल कधी आणि कसा लिहायचा, याचाच महिना होता. दुबईच्या खरेदीदाराशी आमचा व्यवहार असा असतो: काही रक्कम आगाऊ, आणि बाकीची बिल ऑफ लेडिंग म्हणजे बी.एल., ही जहाज कंपनीची मालाची पावती, फायटो हे मालात कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र, आणि इन्व्हॉइस यांच्या प्रती मेलवर पोचल्यावर.

कामाला लागण्याआधी मी कॅलेंडर समोर घेतलं. ईद 30 किंवा 31 मार्चला, चंद्र दिसेल तशी. 29 तारखेला शनिवार, म्हणजे तिकडची सुट्टी, आणि शुक्रवारी अर्धा दिवस. आपल्याकडे 30 मार्चला गुढीपाडवा आणि 1 एप्रिलला बँकांची वार्षिक बंदी. म्हणजे त्यांच्या बँकेतून पैसे सुटायचे तर गुरुवार, 27 मार्च हाच भरवशाचा शेवटचा दिवस. त्यात रमजानच्या शेवटच्या दहा रात्री बरेच जण इबादतीसाठी जागतात, काही जण उमऱ्यासाठी मक्केला जातात. त्या दिवसांत सहीचा माणूस जागेवर असेलच असं धरून चालता येत नाही. म्हणून रमजान सुरू होण्याआधीच, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांना साधं वेळापत्रक पाठवलं: कंटेनर कधी भरणार, बी.एल.चा मसुदा कधी येणार, आणि सुट्टीच्या काळात त्यांच्याकडे मंजुरी कोण देणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर महिना सुरू व्हायच्या आतच मिळवायचं, असं मी ठरवलं होतं.

नंतरचा प्रश्न घड्याळाचा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि रमजानमध्ये तिथल्या खासगी कंपन्यांत कामाचे तास रोज दोनने कमी होतात. उपाशीपोटी दुपारनंतर किचकट कागद तपासणं जड जातं, म्हणून ज्याला निर्णय हवा तो मेल आपल्या साडेअकराला, म्हणजे त्यांच्या दहाला पोचेल असा मी आदल्या संध्याकाळीच वेळ लावून ठेवत असे. आपल्या चार-साडेचारनंतर फक्त माहितीचे मेल जायचे. सूर्यास्त त्यांच्या साधारण साडेसहाला, आपल्या आठला. त्या सुमाराला फोन तर सोडाच, मेसेजही नाही. इफ्तारनंतर तरावीहची नमाज असते. ती आटोपून ते पुन्हा कामाला बसले की आपले अकरा वाजून गेलेले असतात. त्यांचे बरेचसे मेसेज तेव्हाच यायचे. मी त्यांना सकाळी उत्तर देत असे, पण बी.एल.चा प्रश्न असेल तर रात्रीच. जहाज सुटल्यावर नावातली चूक दुरुस्त करायची तर दंड आणि दिवस दोन्ही लागतात.

शुभेच्छा मी कामाच्या मेलमध्ये घातल्या नाहीत. 28 फेब्रुवारीच्या संध्याकाळी सौदी आणि अमिरातीत चंद्र दिसल्याचं जाहीर झालं, तेव्हाच ‘रमदान मुबारक’ एवढा वेगळा मेसेज पाठवला. आपल्याकडे रोजे 2 मार्चला सुरू झाले. आपलं कॅलेंडर पाहून लिहिलं असतं तर एक दिवस उशीर झाला असता. ‘रमदान करीम’ही सर्रास चालतं, पण काही धार्मिक मंडळींना ‘मुबारक’च योग्य वाटतं, म्हणून मी तेच वापरते. समोरून ‘रमदान करीम’ आलं तर ‘अल्लाहु अकरम’ हे रूढ उत्तर आहे. नंतरच्या मेलची सुरुवात ‘अस्सलामु अलैकुम’ने आणि मग पहिल्या नावाने, आडनावाने हाक मारायची तिकडे पद्धत नाही. एक ओळ खुशालीची, मग थेट काम. त्यांच्याकडचे एक लेबनीज गृहस्थ ख्रिस्ती आहेत. त्यांना मी नेहमीसारखंच लिहिलं. अरबी बोलतो म्हणजे रोजा ठेवतो, असं गृहीत धरणं मला अजिबात पटत नाही.

जहाज न्हावा शेव्याहून तिसऱ्या आठवड्यात सुटलं आणि कागदांच्या प्रती सोमवारी, 24 तारखेला सकाळी गेल्या. मेलमध्ये ‘तातडीचे’ हा शब्द नव्हता; पैसे गुरुवारपर्यंत सुटले तर ईदच्या सुट्टीत कंटेनर बंदरात अडकणार नाही, एवढंच कारण लिहिलं होतं. बुधवारी दुपारी उत्तर आलं नव्हतं, म्हणून मूळ मेलखालीच एका ओळीची आठवण केली आणि फेब्रुवारीत ठरलेल्या दुसऱ्या माणसाला प्रत जोडली. त्याने रात्री उशिरा मंजुरी दिली, गुरुवारी बँकेने पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत आली.

ईद अमिरातीत 30 मार्चला झाली, ओमानमध्ये 31ला. त्यामुळे दुबईला ‘ईद मुबारक, कुल्लु आम व अन्तुम बिखैर’ पाडव्याच्या सकाळी गेलं आणि मस्कतच्या ग्राहकाला सोमवारी. त्या मेसेजमध्ये कामाचं एक अक्षरही नव्हतं. पुढच्या कंटेनरचं बोलणं दुबईची कार्यालयं उघडल्यावर, 2 एप्रिलला सुरू केलं.