फ्रान्सच्या व्हिसासाठी मेरीचा कागद: माझा अनुभव

मुलीकडे फ्रान्सला जायचं ठरलं तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका एजंटनं सांगितलं, "काका, टेन्शन घेऊ नका. मुलीला साध्या कागदावर चार ओळी लिहायला सांगा, खाली सही, सोबत लाईट बिल. झालं काम." इंग्लंडला जाणाऱ्यांचं असं पत्र चालतं, त्यामुळे त्यानं सगळ्या युरोपला तोच न्याय लावला असावा. फ्रान्सला ते चालत नाही. तिथे नातेवाइकाच्या घरी उतरणार असाल, तर राहण्याच्या सोयीचं पत्र मुलगी देत नाही, तिच्या गावची नगरपालिका देते. नगरपालिकेला तिथे मेरी म्हणतात. त्या पत्राचं फ्रेंच नाव 'आतेस्तास्याँ दाकय' असं काहीतरी आहे. आमच्या घरात त्याला शेवटपर्यंत 'मेरीचा कागद' हेच नाव राहिलं.

मी नाशिकच्या कोषागारातून निवृत्त झालोय. सही चुकली, तारीख चुकली, शिक्का नाही म्हणून बिलं परत पाठवण्यात माझी उमेद गेली. त्यामुळे कागद मागणाऱ्या माणसावर मी एरवी चिडत नाही. या खेपेला मात्र चिडलो, आणि राग अजून पुरता उतरलेला नाही.

मुलगी राहते ते गाव ल्योंच्या जवळ आहे. यजमानानं स्वतः अपॉइंटमेंट घेऊन मेरीत जावं लागतं, दुसऱ्याला पाठवून चालत नाही. सोबत ओळखपत्र (परदेशी यजमान असेल तर तिथलं रहिवासी कार्ड), घराचा करारनामा, पत्त्याचा ताजा पुरावा, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि ३० युरोंचा सरकारी स्टँप. आम्ही केलं तेव्हा ३० युरो होते, तुम्ही कराल तेव्हा बघून घ्या. हा स्टँप तिकडे तंबाखूच्या दुकानातही मिळतो, हे ऐकून आमच्या हिला फार गंमत वाटली. अर्ज नामंजूर झाला तरी हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून कागद पुरे असल्याशिवाय खिडकीशी जाऊच नये.

मुलगी गेली आणि पत्त्याच्या पुराव्यावर अडकली.

घर जावईबापूंनी लग्नाआधी भाड्यानं घेतलेलं, त्यामुळे करारनाम्यावर एकट्याचं त्यांचं नाव. वीजही त्यांच्या नावावर. इंटरनेटही त्यांचंच. मुलगी नंतर तिथे गेली, नोकरीला लागली, कर भरते, भाड्यातला निम्मा वाटा तिच्या खात्यातून जातो, पण त्या घराच्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी बिल हातात घेतलं, वरच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे गृहस्थ कुठे आहेत? गृहस्थ कंपनीच्या कामासाठी मोरोक्कोला गेले होते आणि लवकर परतणार नव्हते. बाईंचं म्हणणं सरळ होतं: पाहुण्यांना ठेवून घेतोय असं जो लिहून देतो, त्याच घरात तो राहतो हे त्याच्या नावाच्या कागदावरून दिसलं पाहिजे. बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांनी यावं, नाहीतर तुमच्या नावाचं बिल आणा. मुलीनं मोबाइलचं बिल पुढे केलं, त्यावर तिचं नाव आणि तोच पत्ता होता. ते घेतलं नाही. मोबाइल खिशात घेऊन माणूस कुठेही राहतो, असं उत्तर मिळालं. इथपर्यंत मी बाईंच्या बाजूनं होतो. मीही तसंच म्हटलं असतं.

पुढे मात्र गंमत झाली. जावयांच्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं की फ्रेंच नागरी कायद्याचं १७५१ वं कलम आहे. त्याप्रमाणे नवरा-बायको ज्या भाड्याच्या घरात राहतात त्या घराचा करार दोघांचा धरला जातो, मग तो लग्नाआधी एकानंच केलेला का असेना. मुलीनं आपला विवाहाचा दाखला आणि त्याचं फ्रेंच भाषांतर काढलं. रहिवासी कार्डाच्या वेळी करून घेतलेलं होतं, म्हणून बरं. कलमाची प्रिंट जोडून ती परत गेली. बाईंनी दाखला वाचला, मान डोलावली, आणि म्हणाल्या की करार तुमचाही आहे हे मान्य, पण यावरून तुम्ही आज तिथे राहता हे कळत नाही. तीन महिन्यांच्या आतला कागद हवा, आणि त्यावर तुमचं नाव हवं.

मग घरमालकाच्या एजन्सीला भाडेपावती दोघांच्या नावानं द्यायला सांगितली. भाडेपावतीही पुरावा म्हणून चालते. त्या एजन्सीला मेल पाठवा, फोन करा, उत्तर एकच: संबंधित कर्मचारी रजेवर आहेत. इकडे आम्ही नाशकात बसून रोज रात्री फोनवर 'आलं का उत्तर' विचारतोय, तिकडे ती वैतागलेली. "बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून पावती येणार नाहीये," असं एकदा चांगलंच तोडलं तिनं मला.

सुटका झाली ती वीज कंपनीकडून, आणि ती इतकी सोपी होती की आधीचे सगळे दिवस वाया गेल्यासारखे वाटले. तिथे विजेच्या करारात दुसरं नाव जोडता येतं. ज्याच्या नावावर करार आहे त्यानं आपल्या खात्यातून किंवा फोनवरून सांगायचं. जावयांनी मोरोक्कोतून ते केलं. नवीन बिल येईपर्यंत थांबायची गरज नसते. करार कोणाच्या नावानं आणि कुठल्या पत्त्यावर चालू आहे, याचा दाखला कंपनीच्या वेबसाइटवरून काढता येतो, आणि त्यावर त्याच दिवसाची तारीख येते. दोन्ही नावं असलेला तो एक पानी कागद मुलीनं खिडकीतून आत सरकवला. बाईंनी तारीख पाहिली, नाव पाहिलं, कार्डावरच्या नावाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या. वर करारनाम्यासाठी विवाहाचा दाखलाही ठेवून घेतला, म्हणजे ते कलम अगदीच फुकट गेलं नाही.

तेव्हा मुलगी किंवा सून तिकडे नवऱ्याच्या घरी नंतर गेलेली असेल, तर तुमचं जायचं ठरायच्या आधीच विजेच्या करारात तिचं नाव घालून घ्या. व्हिसाचं काही मनात नसलं तरी घाला.

घराचा आकारही विचारतात. किती चौरस मीटर, आत्ता राहणारे किती, येणारे किती. करारनाम्यात ५२ चौरस मीटर लिहिलेलं होतं, दोघं राहणारे आणि दोघं आम्ही, त्यामुळे काही प्रश्न आला नाही. आम्ही नवरा-बायको म्हणून एकाच कागदावर बसलो. आमची मेहुणीही येणार म्हणत होती, तिला वेगळा कागद आणि वेगळा स्टँप लागला असता. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं एवढंच एका कागदात मावतं.

आता मुक्कामाच्या तारखा. इथे माझा कोषागाराचा अनुभव कामी आला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलीनं आधी कच्च्या अर्जात ५ मे ते ५ ऑगस्ट लिहिलं होतं. तिचा हिशोब, तीन महिने. पण फ्रान्ससाठी मिळतो तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, आणि त्यावर मुक्काम दिवसांत मोजतात, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०, आणि पोहोचल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही धरतात. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मेचे ५ पासून २७, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ५. झाले ९३. तीन दिवस जास्त. ते २ ऑगस्टवर आणलं तेव्हा बरोबर ९० झाले. विमान मुंबईहून ४ मेच्या रात्री सुटणार असलं तरी मुक्काम ५ तारखेला, तिथे उतरल्यावर सुरू होतो. परतीला मुंबईत ३ ऑगस्टला उतरलो तरी मोजणी २ तारखेला तिथून निघाल्यावर थांबते. विम्याच्या तारखा मात्र प्रवास धरून घ्या, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. तो पाहुणा काढणार की यजमान, हेही मेरीच्या कागदात विचारलेलं असतं. आम्ही इथूनच काढला.

मेरीनं कागद लगेच दिला नाही. काही ठिकाणी हातोहात देतात म्हणे. महिनाभर काहीच उत्तर आलं नाही तर नकार समजायचा, असा तिथला नियम आहे. मग प्रीफेक्टकडे, म्हणजे तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे, दाद मागायची, त्याला दोन महिन्यांची मुदत. आमच्यावर ती वेळ आली नाही. कागद हातात पडल्यावर खिडकीवरून हलायच्या आधी पासपोर्टच्या फोटोशी नावं ताडून बघायला मी मुलीला बजावलं होतं. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि तिकडच्या माणसाला ते फालतू वाटून गाळलं जाऊ शकतं. पासपोर्टात जसं आहे तसंच, सगळं.

मूळ कागद कुरिअरनं इंदिरानगरला मागवला. स्कॅन करून मेलवर पाठवलेला चालत नाही, मूळ प्रतच लागते. पत्त्यात 'मंदिराच्या मागे' वगैरे घातलं नाही, तर पिनकोड आणि मोबाइल नंबर ठळक लिहायला लावला. मुंबईला आम्ही पंचवटीनं गेलो, दादरला उतरलो. व्हिसा केंद्रात मूळ आणि झेरॉक्स दोन्ही न्या. सहा महिन्यांच्या आत आणि प्रवासाच्या १५ दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात, पण १५ दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये. मेरीच्या कागदालाच त्याहून जास्त वेळ लागू शकतो. मुंबईचं काम एका सकाळीत उरकलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पासपोर्ट परत आले तेव्हा व्हिसाची मुदत १७ ऑगस्टपर्यंत छापलेली होती. हिला आनंद झाला, पंधरा दिवस वाढवून मिळाले म्हणाली. तसं नसतं. विमान रद्द झालं, आजारपण आलं तर व्हिसा लगेच संपू नये म्हणून तारखांना १५ दिवसांची सवलत जोडतात. खाली मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात, आमच्या व्हिसावर ९०, आणि राहायचं तेवढंच.

मेरीचा मूळ कागद व्हिसा मिळाला म्हणून घरी ठेवू नका, आणि मोठ्या बॅगेतही टाकू नका. तिथे उतरल्यावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी मागू शकतो. आमच्याकडे त्यानं मागितला, तारखा वाचल्या, परतीचं तिकीट बघितलं आणि शिक्का मारला. हिच्या पर्समध्ये प्लॅस्टिकच्या फोल्डरात होता म्हणून रांगेत बॅग उघडून बसावं लागलं नाही.