हरिश्चंद्रगड, खिरेश्वर ते पाचनई: 'वायफाय आहे' यावर विश्वास ठेवू नका, आणि व्हिडिओ आधी बारीक करून मगच पाठवा

काल रात्री घरी आलोय, पाय अजून ठणकतायत, पण पुढच्या शनिवारी अजून दोन बॅच त्याच वाटेने जाणारेत म्हणून लगेच लिहितोय. वाट, सामान, पावसात काय घालायचं हे तुम्हाला माहितीये असं धरतो. खिरेश्वरहून तोलार खिंडीपर्यंतचा रस्ता नेहमीसारखा, देऊळ आणि केदारेश्वराची गुहा नेहमीसारखी सुंदर, पिठलं-भाकरी गरम मिळाली, त्यावर लिहायचं काही नाही. मला लिहायचंय ते शनिवारी संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा या वेळेबद्दल, जे पाचनईत एका पडवीत फोन हातात धरून घालवले.

झालं असं की खिंडीच्या वरच्या रेलिंगच्या कातळावर या वेळी पाणी भरपूर वाहत होतं. आम्ही आठ जण सगळे आधी येऊन गेलेले, तरी सावकाश चढलो. आमच्या मागे रात्री मुंबईहून २२ जणांची बॅच निघणार होती, त्यात चार शाळकरी पोरं. म्हणून मी तिथे उभं राहून २ मिनिटं १० सेकंदांचा व्हिडिओ घेतला, की लीडरने बघावा आणि खिरेश्वरहून यायचं की सरळ पाचनईहून चढायचं ते निघायच्या आधी ठरवावं. फोनवर सांगता आलं असतं आणि सांगितलंही, पण 'पाणी आहे' म्हणजे किती आहे हे ऐकून कळत नाही, घोट्यापर्यंत आहे की पाय ओढतंय हे बघावंच लागतं.

आता पहिली चूक. वर कोकणकड्यावर एक काडी रेंज आली तेव्हा ग्रुपमधला एक जण म्हणाला की व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणजे क्वालिटी जात नाही. बरोबर आहे, क्वालिटी जात नाही, कारण व्हॉट्सॲप डॉक्युमेंटला हातच लावत नाही, जशी फाईल आहे तशीच्या तशी पाठवतं. पण १०८० पिक्सेलवर फोन साधारण मिनिटाला १३० एमबीच्या आसपास लिहितो, म्हणजे माझी फाईल २८० एमबी होती आणि ती मी एका काडीवर चढवायला बसलो. अर्धा तास गोल फिरत राहिला, बॅटरी १९ टक्के उतरली, गेलं काहीच नाही. कमी रेंजमध्ये फोन टॉवरपर्यंत पोचायला पूर्ण ताकद लावतो, म्हणून बॅटरी अशी पळते आणि अंगातून तापतो. फोन हाताला गरम लागला आणि आकडा हलत नसला की थांबवा, तिथे बसून काही उपयोग नाही.

पाचनईला उतरलो तर जिथे मुक्काम होता तिथे फोनवर आधीच सांगितलं होतं की वायफाय फुल आहे. माणशी १०० रुपये वायफायचे वेगळे, आठ जणांचे ८०० आम्ही आल्या आल्या दिले. मग कळलं की ते वायफाय म्हणजे घरातल्या मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट, रोजच्या २ जीबीच्या पॅकवर, त्यातला निम्मा दिवसभरात संपलेला. इथे मला खरंच राग आला. १०० रुपयांचा प्रश्न नाही, आधी सांगितलं असतं की हॉटस्पॉट आहे तर पुढचं सगळं टळलं असतं.

कारण पुढे जे झालं ते असं. दिवसभर रेंज नसलेले आठ फोन एकदम त्या हॉटस्पॉटला जोडले गेले. आता हे नीट वाचा, सगळ्या प्रकाराची मेख इथे आहे. तुमच्या फोनला दुसऱ्याचा हॉटस्पॉट हा मोबाईल डेटा वाटत नाही, तो त्याला वायफायच समजतो. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया आपोआप उतरवायचे नियम मोबाईल डेटाला वेगळे आणि वायफायला वेगळे असतात, आणि बहुतेकांनी मोबाईल डेटाचं बंद केलेलं असतं पण वायफायवर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळं चालू, कारण वायफाय म्हणजे घरचं असं डोक्यात बसलेलं. तर सोसायटीचे, शाळेचे, नातेवाईकांचे, ऑफिसचे दिवसभर साठलेले सगळे व्हिडिओ आठही फोनवर एकाच वेळी उतरायला लागले. मी निघताना व्हॉट्सॲपचं Network usage शून्यावर आणून निघालो होतो, त्यात नंतर बघितलं तर माझ्या एकट्याच्या फोनवर १६० एमबी आलेले. चाळीस मिनिटांत त्या मुलाचा दिवसाचा कोटा संपला, आणि कोटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, तसा आला.

दोघांनी तर छातीठोक सांगितलं की आमचं डाउनलोड बंद आहे, आम्ही Media visibility बंद ठेवतो. तो गैरसमज काढून टाका. Media visibility बंद केल्याने उतरलेला फोटो गॅलरीत दिसत नाही एवढंच, तो उतरतो तेवढाच आणि डेटा खातो तेवढाच. ज्याने खरं काम होतं ते इथे आहे:

```
Settings > Storage and data > Media auto-download
```

त्यात तीन ओळी आहेत, When using mobile data, When connected on Wi-Fi, When roaming. तिन्ही उघडून सगळ्या टिका काढायच्या, मधली ओळ विसरायची नाही, गडावर जाताना तीच महत्त्वाची. टिका काढल्या की फोटोच्या जागी धूसर चौकोन आणि साईज दिसते, पाहिजे त्यावर टॅप करून उतरवायचं. व्हॉइस मेसेज मात्र तरीही आपोआप उतरतात, ते बंद होत नाहीत, पण ते लहान असतात. आणि हे फक्त व्हॉट्सॲपपुरतं झालं. 'फक्त वायफायवर' ठेवलेला फोटोंचा बॅकअपसुद्धा हॉटस्पॉटवर सुरू होऊ शकतो, आणि तो तर वर चढवतो, म्हणजे नेमकी तुम्हाला हवी तीच लाईन अडवतो. आमच्यातल्या एकाच्या फोनवर दिवसभराचे ३०० फोटो चढायला लागले होते. निघायच्या आधी तोही थांबवा.

आता हिशोब. २८० एमबी फाईल ६४ केबीपीएसवर चढवायची तर एमबीला ८००० ने गुणा आणि ६४ ने भागा, ३५,००० सेकंद येतात, म्हणजे पावणेदहा तास, तेही लाईन एकदाही तुटली नाही तर. कोटा रात्री १२ ला नव्याने मिळणार होता, पण बॅच ११ ला निघणार होती. त्या मुलाने डेटाचं छोटं रिचार्ज मारायचा प्रयत्न केला तर पैसे भरायचं पेजच उघडेना. याला उपाय होता आणि तो आम्हाला उशिरा सुचला, कॉल लागत होता तर शहरातल्या कुणाला तरी तो नंबर देऊन तिकडून रिचार्ज मारायला सांगायचं. हे लक्षात ठेवा.

शेवटी आम्ही फाईल बारीक केली. व्हिडिओ तीन वेळा बघितला आणि त्यातले कामाचे ३८ सेकंदच निघाले, जिथे पाणी रेलिंगच्या खालून वाहतंय आणि एक जण पाय टाकतोय, बाकी नुसता धुकं आणि आमचा आरडाओरडा. आधी कापायचं, मग आकार कमी करायचा, हा क्रम सोडू नका, कारण नुसतं कापल्यानेच २८० चे ८२ एमबी होतात आणि चित्र जरासुद्धा खराब होत नाही. एका मित्राच्या अँड्रॉइडवर टर्मक्स, म्हणजे कमांड टाईप करून चालवायचं ॲप, आणि त्यात चालणारं व्हिडिओ कापायचं-दाबायचं एफएफएमपेग आधीपासून होतं. मी त्याला मूळ फाईल क्विक शेअरने दिली, त्याला इंटरनेट लागत नाही, फोन ते फोन जातं. मग त्याने हे चालवलं:

```
ffmpeg -ss 42 -t 38 -i kada.mp4 \
 -vf scale=-2:480 -c:v libx264 \
 -crf 28 -an lahan.mp4
```

४२ व्या सेकंदापासून ३८ सेकंद घे, उंची ४८० कर, आवाज काढून टाक. वाऱ्याचा आवाज कुणाला ऐकायचाय, जे सांगायचं ते खाली दोन ओळी टाईप केलं. व्हिडिओ उभा घेतला असेल तर `scale=480:-2` लिहा, नाहीतर रुंदी फार कमी होऊन काही दिसत नाही. `-crf` चा आकडा वाढवला की फाईल लहान होते पण चित्र फुटतं. वाहत्या पाण्याचं चित्र सगळ्यात आधी फुटतं, ३२ ला पाणी म्हणजे नुसते करडे चौकोन दिसत होते, २८ ला खोली कळत होती. म्हणून पाठवायच्या आधी स्वतः एकदा पूर्ण बघा. फाईल झाली ५ एमबी. तोच हिशोब केला तर ६२५ सेकंद, साडेदहा मिनिटं.

टर्मक्स नसेल तरी अडत नाही. व्हॉट्सॲपमध्ये व्हिडिओ निवडल्यावर वरच्या पट्टीवर दोन्ही टोकं ओढून तिथेच कापता येतो, एचडी लावू नका, साधी क्वालिटी ठेवा, लांबी नि साईज तिथेच दिसते. बहुतेकांना एवढं पुरतं. पण फाईल आधी स्वतः बारीक करून ठेवण्याचा फायदा हा की ती तुमच्या हातात राहते. तुमच्या सिमला रेंज नसेल तर ५ एमबी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या मित्राला क्विक शेअरने पाच सेकंदांत जाते आणि तो पाठवतो. आणि बारीक केलेली फाईल मात्र डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली तर ॲप तिला परत दाबू शकतं आणि उरलंसुरलं पाणीही चौकोन होतं. म्हणजे कोकणकड्यावर मिळालेला सल्ला चुकीच्या फाईलला दिलेला होता. एवढं सगळं घरच्या वायफायवर टाकून ठेवा, ॲप असो की `pkg install ffmpeg`, तिथे जाऊन उतरवता येणार नाही.

बाकी सात फोन हॉटस्पॉटवरून काढायला लावले, यावर थोडी भांडणंही झाली, आणि ९:५० ला पाठवायला घेतलं. डाउनलोड आणि अपलोड वेगळे म्हणून दुसऱ्याचं उतरू दे असं म्हणू नका, उतरणाऱ्या प्रत्येक फाईलची पोच फोनला वर पाठवावीच लागते आणि ६४ केबीपीएसवर तेवढंही जड जातं. घड्याळाचं चिन्ह आहे तोवर फाईल तुमच्याच फोनमध्ये आहे, जागा सोडू नका आणि ॲप बंद करू नका. एक टीक आली की ती सर्व्हरवर पोचली, मग तुमची रेंज गेली तरी चालते, समोरच्याला मिळणारच. आमची टीक १०:०४ ला आली, १४ मिनिटं लागली, पडवीत सगळे ओरडलो.

१०:२० ला लीडरचा फोन आला, पोरांना घेऊन पाचनईनेच येतो म्हणाला.

पुढच्या बॅचसाठी, मुक्कामाला फोन कराल तेव्हा वायफाय आहे का असं विचारूच नका. लाईन घरात आलीये का की मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि दिवसाला किती जीबी, हे दोनच प्रश्न विचारा, आणि हॉटस्पॉट असेल तर माणशी पैसे देऊ नका.