पोटॅशियम ७.९ आणि बारावी कला

आमच्या नाशिकच्या हॉस्पिटलात रक्त घेणाऱ्यांच्या दोन जागांसाठी मुलाखती चालू होत्या. मी लॅबची इन-चार्ज, म्हणून टेबलाच्या या बाजूला. एचआरच्या साहेबांनी दोन अर्ज आधीच बाजूला काढून ठेवले होते. दोन्ही मुली, दोघींकडे रक्त घेण्याचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा नाही, डिग्री नाही. ‘यांना बोलावून काय करायचं?’ असं ते म्हणत असतानाच लॅबमधून फोन आला.

सर्जिकल वॉर्डातल्या एका आजींचं पोटॅशियम ७.९ आलं होतं. इतकं खरंच वाढलं असेल तर हृदय थांबू शकतं, त्यामुळे वॉर्डात इन्सुलिन-ग्लुकोज देण्याची तयारी सुरू झाली होती. मी बाकीचे आकडे विचारले. कॅल्शियम ५.१, अल्कलाइन फॉस्फेटेज जवळजवळ नाहीच. आदल्या दिवशी दोन्ही व्यवस्थित होती. मी डॉक्टरांना फोन लावला. ईसीजी नॉर्मल होता, आजी नातीशी गप्पा मारत बसल्या होत्या. मी म्हटलं, ‘सर, जरा थांबा, हा जांभळ्या बुचाचा प्रकार वाटतोय. दुसऱ्या हातातून नवं सँपल पाठवते.’

जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचा क्षार म्हणून. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. अल्कलाइन फॉस्फेटेजला काम करायला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही अडकवतं. म्हणून त्यातलं थोडं रक्त, ज्यातून या तपासण्या होतात त्या पिवळ्या ट्यूबमध्ये गेलं, की पोटॅशियम चढतं आणि बाकीची दोन कोसळतात. आजींची शीर सापडत नव्हती, पिवळी ट्यूब अर्धीच भरली, म्हणून जांभळीतलं रक्त तिच्यात ओतलं होतं. ओतणाऱ्याकडे रीतसर डिप्लोमा होता. नव्या सँपलचं पोटॅशियम आलं ४.२.

परत येऊन मी त्या दोघींना आत बोलावलंच, आणि नाव न सांगता हेच आकडे पुढे ठेवले. पहिलीने ट्यूबचा क्रम घडाघडा म्हटला: आधी ब्लड कल्चर, मग निळी, लाल-पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी राखाडी. अगदी बरोबर. पण हा क्रम का, हे तिला सांगता येईना. तिच्या क्लासमध्ये सगळा सराव रबरी हातावर झाला होता. वॉर्ड तिने पाहिलाच नव्हता.

दुसरी सिन्नरकडची. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स करून मग रक्तसंकलनाचा केलेला, दोन्ही एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, वॉर्डात ड्युटी लावून. ती म्हणाली, ‘मॅडम, जांभळीतलं पिवळीत गेलं असंल. आमच्या सिस्टर म्हणायच्या, कमी पडलं तर कमी पाठवा, पन ओतू नका.’ लेबल कधी लावतेस, विचारलं. ‘रक्त घेतल्यावर, पेशंटपाशीच. नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं आन् नंबर पट्ट्यावर बघायचा.’ तिच्याकडे लॉगबुक होतं. प्रत्येक पानावर तारीख, वॉर्ड आणि सिस्टरची सही.

मी एचआरला सांगितलं, हिला घेऊया. रक्त घेणं हे एक काम आणि रक्त तपासणं हे दुसरं. पहिल्यासाठी हाताची तयारी आणि सही केलेलं लॉगबुक पुरतं, तेही आमच्या माणसाच्या नजरेखाली ठरलेली सँपल नीट घेऊन दाखवल्यावरच. ते मान्य झालं, पण पगार डीएमएलटीवाल्यांपेक्षा कमी ठरला. मी भांडले, तो वाढला नाही.

मग तिने विचारलं, ‘पुढं मशीनवर बसता येईल का?’ हे खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. २०२१ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान दोन हजार तासांचा, दोन ते चार वर्षांत पसरलेला डिप्लोमा किंवा पदवी लागते. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट त्यात बसत नाही. डीएमएलटीला सहसा बारावी विज्ञान मागतात, आणि हिची बारावी कला शाखेची. कोर्सला प्रवेश देताना हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. याचा मला त्या ७.९ पेक्षा जास्त राग आला. या मुली घरचे पैसे भरून येतात. रक्त घेण्यापलीकडे दार बंद आहे, हे फी घेण्याआधी सांगायला काय जातं?

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, विज्ञानाचे विषय घेऊन बारावी पुन्हा देता येते का ते बघते, तोवर काम करते. हिपॅटायटिस बी ची लस तिने घेतलेली नव्हती. सुईचं काम लसीशिवाय मी कुणाला देत नाही, म्हणून पहिला डोस त्याच दुपारी दिला. पुढचे एका आणि सहा महिन्यांनी. अँटिबॉडी दहाच्या वर गेल्याचा रिपोर्ट येईपर्यंत तिची ड्युटी सँपल स्वीकारण्याच्या खिडकीवर लावली, जिथे अर्धवट भरलेल्या ट्यूब परत पाठवायच्या असतात.