तुम्ही विचारलंत म्हणून: आकडा तोच, तारीख तीच

‘बिल थकवणाऱ्या क्लायंटला चिडून लिहिलेला मेसेज तुम्ही सभ्य करून देता, तरी त्यातला ठामपणा जात नाही. मी करायला गेलो की तो मिळमिळीत होतो. तुम्ही नेमकं काय बदलता?’

आधी काय बदलत नाही ते सांगते, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली होती. एका चित्रकार मैत्रिणीने मला तिचा मसुदा पाठवला होता:

‘तीन वेळा आठवण केली, तुम्ही साधं उत्तरही देत नाही. काम करून घेताना रोज फोन, आणि पैसे द्यायच्या वेळी गायब. ४८,५०० रुपये १८ जुलैपर्यंत आले नाहीत तर पुढची चित्रं मिळणार नाहीत.’

तिचा राग रास्त होता. बिलाची मुदत ३० जूनला संपली होती आणि त्या दिवशी १२ जुलै होती. मी शब्द मवाळ करायला बसले आणि त्या भरात ‘१८ जुलैपर्यंत’चं ‘या आठवड्यात जमलं तर’ करून टाकलं. ‘४८,५०० रुपये’ हेही मला अंगावर येणारं वाटलं, म्हणून ‘उर्वरित रक्कम’ असं लिहिलं. मेसेज वाचायला छान झाला. क्लायंटचं उत्तर आलं, ‘हो, बघतो.’ त्यावर पुढे विचारायलाही काही उरलं नाही, कारण तारीख मीच काढून टाकली होती आणि ‘जमलं तर’ म्हणून न जमण्याची परवानगीही मीच दिली होती. नुकसान तिचं झालं, शब्द माझे होते.

तेव्हापासून कुठलाही मसुदा हाती आला की मी आधी त्यातल्या न हलवायच्या गोष्टी कागदावर उतरवून घेते: बिलाचा क्रमांक, रक्कम, देय तारीख आणि पैसे ज्या तारखेपर्यंत मागितले आहेत ती तारीख. त्या नव्या मजकुरात जशाच्या तशा कॉपी करते, पुन्हा टाइप करत नाही. बारीक अक्षरात १ आणि ९ यांची गल्लत सहज होते. आकडे शक्यतो बिलावर ज्या लिपीत आहेत त्याच लिपीत ठेवावेत. क्लायंटच्या हिशेबनिसाने फाइलमध्ये रक्कम शोधली आणि लिपी वेगळी निघाली, तर ती अनेकदा सापडत नाही.

शेवटच्या दोन तारखांवर जास्त गोंधळ होतो. ३० जून ही देय तारीख आणि १८ जुलै ही आता मागितलेली तारीख, या दोन्ही मजकुरात वेगवेगळ्या दिसायला हव्यात. ‘मुदत १८ जुलै’ असं लिहिलं की आपणच मुदत वाढवून दिल्यासारखं होतं आणि आधीचा उशीर कागदावरून पुसला जातो. म्हणून मी ‘३० जूनला देय होती’ आणि ‘१८ जुलैपर्यंत पाठवावी’ अशी दोन वाक्यं करते. ‘पर्यंत’ हा शब्दही जपते. ‘१८ जुलैच्या सुमारास’ लिहिलं तर २५ तारखेलाही कुणी उशीर झाला म्हणू शकत नाही. ‘पुढच्या शुक्रवारी’ तर नकोच, त्याचे दोन माणसं दोन अर्थ लावतात.

एखादा आकडा चुकीचा वाटला तर? मी तो स्वतः सुधारत नाही, मसुदा लिहिणाऱ्याला विचारते. मैत्रिणीचं मूळ बिल ६०,००० रुपयांचं होतं आणि मेसेजमध्ये ४८,५०० होते. विचारल्यावर कळलं की ११,५०० आगाऊ मिळाले होते. रक्कम बरोबर होती, पण क्लायंटच्या बाजूने बघणाऱ्याला बिल आणि मेसेज यांचा मेळ लागला नसता आणि त्याला थांबायला एक कारण मिळालं असतं. म्हणून तिच्या संमतीने ‘आगाऊ रक्कम वजा जाता’ एवढे शब्द घातले.

हे सगळं जागेवर बसलं की मगच सूर. तो मुख्यतः क्रियापदांत आणि कर्त्यात असतो. ‘तुम्ही पैसे दिले नाहीत’ या वाक्यात समोरचा माणूस आरोपी होतो. ‘रक्कम जमा झालेली नाही’ म्हटलं की घटना तीच राहते, बोट उगारलेलं नसतं. मराठीला ही रचना अगदी अंगची आहे. स्वभावाबद्दलची विधानं (गायब, साधं उत्तरही नाही) मी पूर्ण काढते; त्यांनी पैसे लवकर येत नाहीत आणि समोरच्याला मूळ विषय सोडून भांडायला जागा मिळते. त्याच वेळी आपल्या बाजूची शरणागतीही काढते: ‘त्रास देतेय, माफ करा’, ‘शक्य असल्यास’, ‘तुमच्या सोयीने’. केलेल्या कामाचे पैसे मागताना माफी कसली? ‘राहून गेलं असेल’ हे वाक्य पहिल्या आठवणीत खरं असू शकतं, चौथ्या वेळी ते दोघांनाही खोटं वाटतं. आणि शेवटी ‘कधी जमेल?’ असं विचारायचं नाही, त्याने तारीख ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे जातो.

दुसऱ्यांदा लिहिलेला तिचा मेसेज असा होता. विषयाच्या ओळीत ‘बिल क्र. ११२, देय रक्कम ४८,५०० रुपये’ आणि खाली:

‘नमस्कार. बिल क्र. ११२ ची, आगाऊ रक्कम वजा जाता उरलेली ४८,५०० रुपये ही रक्कम ३० जूनला देय होती. ती अद्याप माझ्या खात्यात जमा झालेली नाही. कृपया ती १८ जुलैपर्यंत पाठवावी. बिलाबद्दल काही शंका असेल तर त्याआधी कळवा, मी लगेच खुलासा करेन. रक्कम जमा झाली की पुढची चित्रं पाठवते. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.’

‘कृपया’ एकदाच आहे. शंकेचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं: ते सौजन्य आहेच, शिवाय १९ तारखेला अचानक ‘आम्हाला तिसरं चित्र पटलं नव्हतं’ असं निघू नये म्हणून ती सोयही आहे. तिची मूळ धमकीही जागेवर आहे, फक्त ‘मिळणार नाहीत’चं ‘जमा झाली की पाठवते’ झालं. अर्थ तोच, पण दार उघडं दिसतं. तिथे काहीही लिहिण्याआधी मी तिला विचारलं, ‘पैसे आले नाहीत तर तू खरंच चित्रं थांबवशील ना?’ ती हो म्हणाली म्हणून वाक्य राहिलं. नाही म्हणाली असती तर काढलं असतं.

पाठवण्याआधी एकच तपासणी करते. ज्याला प्रकरण माहीत नाही अशा कुणाला तरी मजकूर एकदा वाचायला देते, मग फोन काढून घेऊन विचारते, ‘किती? आणि कधीपर्यंत?’ तिच्या धाकट्या भावाने न अडखळता दोन्ही सांगितलं.

या पद्धतीची मर्यादाही आहे. क्लायंटकडे पैसेच नसतील किंवा द्यायचेच नसतील तर कुठल्याही शब्दांनी ते येणार नाहीत. पण मग तारीख उलटल्यावर पुढचं पाऊल उचलताना हा कागद हाताशी असतो आणि त्यात लपवावं असं एकही वाक्य नसतं. मैत्रिणीला १७ जुलैला उत्तर आलं, ‘उद्या पाठवतो, तोवर चित्रं पाठवून ठेवाल का?’ तिने तिच्याच मेसेजमधलं ‘रक्कम जमा झाली की पुढची चित्रं पाठवते’ हे वाक्य पुन्हा पाठवलं, बदल न करता. दुसऱ्या दिवशी दुपारी ४८,५०० जमा झाले आणि संध्याकाळी तिने चित्रं पाठवली.