वजन किती?

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानातला फोन तापतो. मी पुण्यातल्या एका पेठेत, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात ऑनलाइन विक्रीचं काम बघते. फोटो, वर्णनं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रश्न आणि परत आलेली खोकी, सगळं माझ्याच टेबलावर. त्या गुरुवारी सकाळी अकराच्या आत पितळी मिसळणाच्या डब्याबद्दल तीन जणांनी एकच प्रश्न पाठवला होता: "वजन किती?"

मी तिघांनाही लिहिलं, "१ किलो ९०० ग्रॅम." बरोबर उत्तर होतं, मी स्वतः काट्यावर ठेवून पाहिलं होतं. तिघांपैकी कोणीच डबा घेतला नाही.

दुपारी दुकान जरा निवलं तेव्हा मालकांना, म्हणजे काकांना, मी हे कौतुकानं नव्हे, वैतागून सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मागचं-पुढचं वाच की. एवढं एकच वाक्य काय दाखवतेस?"

पहिल्या बाईंनी आदल्या रात्री लिहिलं होतं, "भाचीला द्यायचंय, ती पंधरा तारखेला न्यू जर्सीला परत चाललीय." त्यांना वजन हवं होतं ते विमानाच्या बॅगेसाठी. एका बॅगेत २३ किलो, त्यात लोणची, पापड, साड्या, आणि वर हा डबा. त्यांना मी सांगायला हवं होतं की दोन किलोंहून कमी आहे, बॅगेत कपड्यांत गुंडाळून जाईल, खोकं घडी होतं. दुसऱ्या गृहस्थांनी उत्तर मिळताच भागाकार केला होता. डबा २,८५० रुपयांना. "म्हणजे किलोला पंधराशे पडले. मोड घेता का?" आणि तिसऱ्यांनी विचारलं होतं, "निव्वळ की खोक्यासकट? वाट्या-चमचा धरून? झाकण किती ग्रॅमचं?" त्यांना पत्रा किती जाड आहे ते हवं होतं, आणि पत्र्याची जाडी आम्ही कुठे लिहिलीच नव्हती, म्हणून ते वजनावरून ती काढायला बसले होते.

काका पन्नासेक वर्षं गल्ल्यावर बसतात. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्यांना कळलेलं असतं. भेटवस्तू घ्यायला आलेले बहुतेक दोघं-दोघं येतात, वस्तू हातात घेण्याआधी एकमेकांकडे बघतात आणि "याला बॉक्स आहे का?" असं विचारतात. भाव करणारा भांडं उचलून तळहातावर तोलतो. आणि चौकशी करणारा ते पालथं करतो, बोटाच्या पेरानं वाजवून बघतो, झाकण तीनदा लावून काढतो. एक आजोबा तर ट्रॉलीच्या खणाची उंची सुतळीवर गाठ मारून घेऊन आले होते. काका प्रत्येकाशी वेगळं वाक्य बोलून सुरुवात करतात. माझी पंचाईत अशी की माझं पहिलं वाक्य तिघांनाही एकदमच ऐकू जातं. फोनवर वर्णनाच्या दोन, फार तर तीन ओळी दिसतात आणि बाकीचं "आणखी वाचा"च्या खाली दडतं.

तेव्हा आमच्या त्या दोन ओळी अशा होत्या: "शुद्ध पितळेचा, सुबक मठारकाम केलेला ८ इंची मसाल्याचा डबा. वजन १.९ किलो, ७ वाट्या, १ चमचा. आकर्षक किंमत, भेट देण्यासाठी उत्तम." मीच लिहिल्या होत्या. सगळ्यांना थोडं थोडं वाढलं होतं आणि कोणाचंच पोट भरत नव्हतं.

संध्याकाळी मी गेल्या तीन महिन्यांतले या डब्याबद्दलचे सगळे मेसेज छापून काढले आणि तीन रंगांची पेनं घेऊन बसले. पहिल्या अर्ध्या तासात लक्षात आलं की नुसत्या प्रश्नावरून रंग ठरत नाही. किंमत तर सगळेच विचारतात. मग मी त्या प्रश्नाच्या आजूबाजूला काय आहे ते बघायला लागले.

भेटवाल्यांच्या मेसेजमध्ये जवळजवळ नेहमी तिसरं माणूस असतं: भाची, विहीणबाई, ऑफिसातली मॅडम. आणि तारीख असते. पण सगळ्यात पक्की खूण मला पैशांत सापडली. ते लिहितात, "दोन ते तीन हजारांत काही दाखवा." या वाक्यातले 'दोन' महत्त्वाचे. स्वतःसाठी घेणारा कधी खालची मर्यादा सांगत नाही. भेट देणाऱ्याला मात्र फार स्वस्त दिसायचीही भीती असते. भाव करणाऱ्यांकडे फक्त वरची मर्यादा असते, शिवाय दुसऱ्या दुकानाचा आकडा, "दोन घेतले तर?" आणि कुरिअरचा खर्च. चौकशीवाल्यांच्या प्रश्नात एकक असतं. सेंटिमीटर, ग्रॅम, "आतून की बाहेरून". मठार हातानं केला की मशिननं, हे फक्त त्यांनीच विचारलं होतं. मी जो शब्द हौसेनं पहिल्या ओळीत टाकला होता, तो बाकी कोणाच्या नजरेत भरलाच नव्हता.

काही कागद दोन रंगांचे झाले. मुलीच्या रुखवतासाठी डबा घेणारे एक वडील भेटवाल्यांसारखी तारीख सांगत होते आणि चौकशीवाल्यांसारखे मिलिमीटर विचारत होते. अशांना मी चौकशीवाल्यांत टाकलं, कारण ते सगळं वाचतातच.

आणि तिथेच मला पुढचा प्रश्न सुटला. तोवर मी समजत होते की ज्या रंगाचे कागद जास्त, त्यांच्यासाठी पहिली ओळ लिहायची. मोजले तर चौकशीवाले सगळ्यात जास्त होते. पण ते जास्त दिसत होते ते एकेक जण सहा-सहा प्रश्न विचारत होता म्हणून. शिवाय त्याला उंची हवी असेल तर ती पानाच्या तळाशी असली तरी तो खणून काढतो. भाव करणारा वर्णनापर्यंत येतो तोवर किंमत बघून झालेली असते, ती फोटोखाली ठळक असतेच. "आकर्षक किंमत" या दोन शब्दांनी तो हसतो फक्त. राहिले भेटवाले. त्यांना पितळेतलं काही कळत नसतं, डोक्यात तारीख असते, आणि पहिल्या दोन ओळींत आपलं काम होईल असं दिसलं नाही तर ते बोट वर सरकवून चांदीच्या निरांजनाकडे जातात. प्रश्नही विचारत नाहीत. म्हणूनच त्यांचे कागद कमी होते.

मी नव्यानं लिहिलं: "लग्नात किंवा वास्तुशांतीला द्यायला: झाकणावर नाव कोरून, किंमत न छापलेल्या खोक्यात येतो. नावासाठी ३ दिवस आधी सांगा. खोकं घडी होतं, परदेशी जाणाऱ्या बॅगेत मावतो." त्याखाली चौकशीवाल्यांसाठी स्वच्छ तक्ता: बाहेरचा व्यास, झाकणासकट उंची, पत्र्याची जाडी, निव्वळ वजन, खोक्यासकट वजन, मठार कसा केला, वाट्यांना कल्हई आहे की नाही. भाव करणाऱ्यांसाठी तळाला एकच ओळ: दोनहून जास्त घेतल्यास फोन करा, जुन्या पितळेची मोड दुकानात घेतो.

काकांनी वाचलं आणि विचारलं, "मग हळदीकुंकवाच्या करंड्यालाही हेच लावणार का?"

मी हो म्हणणार होते. करंडा भेटच असतो ना. पण संक्रांतीचं वाण म्हणून तो पंचवीस-तीस बायकांना एकदमच लुटायचा असतो. तिथे भेट देणारीच कसून भाव करते, आणि करायलाच हवा. तिला नाव कोरून नको, खोकं नको. तिला एका नगाचा भाव, पंचवीस नगांचा भाव आणि १४ जानेवारीच्या आत मिळेल का, एवढंच हवं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तेव्हा ती दुसरी तारीखही लिहिली. करंड्याची पहिली ओळ अशी भाव करणाऱ्यांना गेली. आणि पितळी पातेल्याची चौकशीवाल्यांना, कारण पातेली परत यायची ती नेहमी मापावरून: कोणाला तीन लिटर हवं असायचं आणि व्यास बघून अंदाजानं मागवलेलं असायचं.

मिसळणाचे डबे त्या मोसमात चांगले गेले. फेब्रुवारीत एका नव्या नवरीच्या सासूबाईंचा फोन आला. डबा भेट आलेला, मुंबईत समुद्राजवळ घर, एका वाटीत मीठ भरून ठेवलेलं. वाटी आतून हिरवट झाली होती आणि मीठ कळकलं होतं. "तुमच्या वस्तूत खोट आहे," बाई म्हणाल्या. खोट आमच्या पितळेत नव्हती. मीठ आणि दमट हवा मिळाली की पितळेतलं तांबं हिरवं धरणारच. खोट माझ्या ओळींत होती. घेणारीला मी सगळं सांगितलं होतं, वापरणारीला काहीच नाही. वाट्यांना आतून कल्हई नाही, हे तक्त्यात लिहिलेलं होतं. पण भेट देणाऱ्यानं तक्ता वाचलेला नव्हता आणि जिला डबा मिळाला तिनं तर पानही पाहिलेलं नव्हतं. चौकशीवाल्यांनी अशी वाटी कधीच परत पाठवली नाही, कारण ते आधी विचारून मीठ वेगळं ठेवतात.

पहिल्या दोन ओळींत "यात मीठ ठेवू नका" लिहावं का, यावर काकांशी बराच वाद झाला. लग्नाची भेट विकताना सुरुवातीलाच 'नका' नको, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, पण दुकान त्यांचं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: सगळ्या वाट्यांना आतून कल्हई करून घ्यायची, किंमत तेवढी वाढवायची, आणि मीठ, आमचूर वेगळं ठेवायची चिठ्ठी खोक्यात घालायची, म्हणजे ती डबा वापरणारीच्याच हातात पडते. कथलाचा थर पातळ असतो. तारेच्या घासणीनं घासला की जातो, तेही चिठ्ठीत आलं. दुसऱ्या ओळीत मी एवढंच वाढवलं: "वाट्या आतून कल्हईच्या, वापराची चिठ्ठी खोक्यात."

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचा मेसेज आला. "वरच्या ओळी वाचून वाटलं, हे भेटवस्तूंचं दुकान. खाली तक्ता चांगला आहे. पण उंची झाकणासकट दिलीय, झाकणाच्या गुंडीसकट किती? माझा खण ११ सेंटिमीटरचा आहे."

मी पट्टी घेऊन उठले. साडेअकरा भरली. तसं कळवलं, आणि तक्त्यात एक ओळ वाढवली.