नाव ग्रुपमध्ये आहे, तरी फोल्डर उघडत नाही

"भाऊ, तुमच्या पत्रात तर लिहिलंय की ऑफिसच्या सर्व्हरवरच्या फोल्डरसाठी परवानगीचा जो ग्रुप आहे, त्यात माझं नाव टाकलं. मग फोल्डर उघडत का नाही हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ताई. आधी कॉम्प्युटरवरून साइन आउट करा आणि पुन्हा पासवर्ड टाकून आत या. नुसतं लॉक करून उघडलं तर उपयोग नाही. दहापैकी आठ-नऊ जणांचं काम इथेच होतं, पण यामागचं कारण माहीत असलं की पुढच्या वेळी घाबरायला होत नाही.

आपण सकाळी लॉगिन करतो तेव्हा विंडोज आपल्यासाठी एक टोकन तयार करतं. आपण कोणकोणत्या ग्रुपात आहोत, हे त्यात त्याच क्षणी लिहिलं जातं. मार्केट यार्डाच्या गेटावर सकाळी पास फाडून देतात तसंच हे. दुपारी ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव चढलं तरी हातातला पास सकाळचाच राहतो. फाइल सर्व्हरला दाखवायचं तिकीटही असंच आधी घेतलेलं असतं आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ते दहा तासांपर्यंत चालतं. विंडोज आणि एल एकत्र दाबून तुम्ही जेवायला गेलात, तर परत आल्यावर टोकन तेच असतं. झाकण मिटवून झोपवलेल्या लॅपटॉपचंही तसंच.

आमच्याकडे जळगावात एका डाळीच्या व्यवसायाचं ऑफिस आहे. तिथल्या खरेदी विभागाचं एकच मोठं फोल्डर होतं. तुरीचे भाव, व्यापाऱ्यांची बिलं, करार, सगळं त्यातच आणि सगळ्यांना सगळं उघडं. त्याचे आम्ही तीन भाग केले. बिलांच्या फोल्डरला `Kharedi_Bile_RW` हा ग्रुप दिला, म्हणजे त्यातले लोक वाचतील आणि लिहितील. भावांच्या फोल्डरला `Kharedi_Dar_RO` दिला, म्हणजे ते फक्त वाचतील. कोणत्याही माणसाचं नाव थेट फोल्डरवर चढवायचं नाही, हा नियम मी हट्टाने पाळतो. माणूस बदली होऊन जातो आणि त्याचं नाव वर्षानुवर्षं फोल्डरला चिकटून राहतं.

तिथल्या बिलं करणाऱ्या ताईंना नेमकं हेच झालं. मी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड आणि तिथे `Effective Access` मध्ये त्यांचं नाव टाकून पाहिलं. तिथे परवानगी दिसत होती आणि त्यांच्या स्क्रीनवर मात्र नकार. असा विरोध दिसला की मला आधी टोकनचा संशय येतो, कारण ती टॅब ग्रुपची आजची यादी पाहून हिशोब करते, त्यांच्या चालू लॉगिनशी तिचा संबंध नसतो. मग त्यांच्याच कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवलं:

```
whoami /groups | findstr Kharedi
```

एकही ओळ आली नाही. साइन आउट करून परत आल्यावर `Kharedi_Bile_RW` दिसलं आणि फोल्डर उघडलं.

ओळ दिसते, फोल्डर उघडतं, पण सेव्ह होत नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शेअरवरची, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर खुलं करताना दिलेली परवानगी पाहावी लागते. नेटवर्कवरून येताना शेअरची परवानगी आणि फोल्डरची परवानगी दोन्ही तपासल्या जातात आणि त्यातली जी कमी ती लागू होते. शेअरवर नुसतं `Read` राहिलं असेल तर फोल्डरवर कितीही दिलं तरी लिहिता येणार नाही. म्हणून मी शेअरवर सरसकट `Change` ठेवतो आणि कोणाला काय द्यायचं ते सगळं फोल्डरवरच ठरवतो.

आता एक गोष्ट, जी विभागप्रमुखांनी नीट ऐकावी असं मला मनापासून वाटतं. ग्रुपमधून नाव काढलं तरी तेच होतं. ज्याच्याकडून भावांचं फोल्डर काढून घेतलं, त्याला ते त्याच्या जुन्या टोकनवर आणि तिकिटावर पुढे काही तास दिसत राहू शकतं. सर्व्हरवरून त्याचं कनेक्शन तोडलं तरी जवळच्या तिकिटावर तो पुन्हा जोडला जाऊ शकतो. म्हणून असे बदल मी शनिवारी संध्याकाळी करतो. पत्रात पहिल्याच ओळीत ठळक लिहितो: "शनिवारी घरी जाताना साइन आउट करून जा. सोमवारी नवीन फोल्डर उघडतील."

दुसरी ओळ गायब होणाऱ्या फोल्डरांसाठी असते. ज्यावर तुम्हाला हक्क नाही ते फोल्डर आमच्या सर्व्हरवर दिसतच नाही, तशी सोय चालू केलेली आहे. ती ओळ नसली की सोमवारी सकाळी फोन येतो, "भाऊ, डेटा उडाला!" डेटा जागेवरच असतो. जुनं फोल्डर मी महिनाभर फक्त वाचण्यापुरतं ठेवतो, कारण एक्सेलच्या कितीतरी फाइलींमध्ये जुन्या जागेच्या लिंक असतात आणि त्या एकेक करून सापडतात.

तेव्हा ताई, साइन आउट करून पाहा. तरी नाही उघडलं तर `Kharedi` च्या जागी तुमच्या ग्रुपचं नाव टाकून ती कमांड चालवा, स्क्रीनचा फोटो काढा आणि फोल्डरचं पूर्ण नाव लिहून मला पाठवा.